काचेखाली न विरणारे पुरळ

ब्रिटनमध्ये जीपी, म्हणजे तिथले फॅमिली डॉक्टर, पेशंट पाहायला घरी जातात तेव्हा त्यांच्या बॅगेत पांढऱ्या भुकटीच्या छोट्या कुप्या असतात. औषध साधेच, बेंझिलपेनिसिलिन. अनेकदा त्या न वापरताच मुदतबाह्य होतात आणि त्यांच्या जागी नव्या ठेवल्या जातात. पण मेनिंगोकॉकल सेप्टिसीमियाचा संशय आला, की हीच कुपी फोडायची आणि पेशंटला हॉस्पिटलात पाठवण्याआधी इंजेक्शन द्यायचे, असा सल्ला तिथल्या डॉक्टरांना १९८० च्या दशकापासून दिला जात आहे.

मेनिंगोकॉकस हा जंतू शंभरातल्या साधारण दहा जणांच्या घशात काही त्रास न देता राहतो. क्वचित कुणाच्या तरी रक्तात तो उतरतो. मेंदूच्या आवरणापर्यंत गेला तर मेंदूज्वर होतो, आणि रक्तातच वाढत राहिला तर सेप्टिसीमिया. या दुसऱ्या प्रकारात मान आखडलेली नसते, मूल बऱ्याच वेळापर्यंत नीट बोलत असते. घरच्यांची फसगत होते ती इथेच.

समजा, चार वर्षांचे एक मूल आहे. दुपारी ताप आला, एकदा उलटी झाली. दोन दिवसांत उतरेल, असे कुणालाही वाटेल. संध्याकाळी ते पाय दुखतात म्हणून रडू लागते, उभे राहायला तयार होत नाही. अंग तापलेले, पण तळहात नि तळपाय गार, आणि चेहरा फिकट. रात्री कपडे बदलताना पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लालसर ठिपके दिसतात.

आता आईने काचेचा पारदर्शक पेला घ्यायचा, त्याची बाजू ठिपक्यांवर घट्ट दाबायची आणि काचेतून पाहायचे. तापातल्या बहुतेक पुरळात त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या फक्त रुंदावलेल्या असतात. दाबले की त्यातले रक्त बाजूला सरते आणि ठिपका विरतो. या आजारात जंतूच्या आवरणातले विष, एंडोटॉक्सिन, रक्तवाहिन्यांचे अस्तरच खराब करते. रक्त बाहेर झिरपून त्वचेत साकळते, आणि ते दाबून सरत नाही. ठिपका काचेखाली तसाच दिसला, तर तत्काळ ॲम्ब्युलन्स बोलवायची.

मात्र ठिपका विरला म्हणून निर्धास्त होणे धोक्याचे आहे. सुरुवातीचे पुरळ दाबल्यावर विरूही शकते, आणि काही पेशंटना पुरळ येतच नाही. सावळ्या त्वचेवर ते सहज दिसत नाही, म्हणून आपल्याकडच्या मुलांच्या बाबतीत तळपाय, तळहात, पापण्यांची आतली बाजू आणि टाळू पाहावी लागते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ४४८ मुलांच्या आजाराचा तासागणिक माग काढला आणि २००६ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. पायदुखी, गार हातपाय आणि त्वचेचा बदललेला रंग ही लक्षणे बहुतेकांत साधारण आठव्या तासाला दिसली. ठळक पुरळ, मान आखडणे आणि शुद्ध हरपू लागणे हे सगळे तेराव्या तासानंतरचे. म्हणजे पेला हातात घेईपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो.

म्हणूनच ही घाई. रक्तात जंतू वाढतात तसे विषही वाढते, आणि विषाच्या पातळीवर मूल किती खोल शॉकमध्ये जाणार हे ठरते. मारले जाणारे जंतू एकदम विष ओततील, अशी भीती पूर्वी होती. नॉर्वेतल्या संशोधकांनी रक्तातली पातळी मोजली, तेव्हा अँटिबायोटिकनंतर ती उतरतानाच दिसली.

आपल्या चार वर्षांच्या मुलाला डॉक्टर ६०० मिलिग्रॅम देतील, तान्ह्या बाळाला निम्मे आणि मोठ्या माणसाला दुप्पट. शीर मिळाली तर शिरेतून. न मिळाल्यास मांडीच्या स्नायूत, पण शक्य तितके वर, जिथे पाय अजून ऊबदार आहे तिथे. गार पडलेल्या भागात रक्तच कमी पोचते, तिथे टोचलेले औषध तिथेच पडून राहते. पूर्वी पेनिसिलिनने जिवावर बेतणारी ॲलर्जी झालेली असेल, तरच ते टाळायचे. आणि इंजेक्शनपायी गाडी खोळंबू द्यायची नाही, कारण सलाइन, श्वासाचा आधार आणि अतिदक्षता विभाग हे सगळे हॉस्पिटलातच आहे.

आधी औषध दिले तर हॉस्पिटलातल्या रक्ततपासणीत जंतू वाढणार नाहीत, ही डॉक्टरांची अडचण खरी होती. आता पीसीआरने मेलेल्या जंतूचाही डीएनए सापडतो, त्यामुळे निदान हुकण्याची भीती बरीच कमी झाली आहे.

या इंजेक्शनने नेमके किती जीव वाचतात, हे सिद्ध करणे मात्र कठीण आहे. २००६ मध्येच ‘बीएमजे’त आलेल्या एका अभ्यासात पेनिसिलिन मिळालेल्या मुलांतच मृत्यू जास्त आढळले. अभ्यासकांच्या मते त्याचे संभाव्य कारण असे, की सर्वांत गंभीर मुले ओळखू येतात आणि त्यांनाच सुई टोचली जाते. चिठ्ठी टाकून अर्ध्या मुलांना औषध नाकारणारा प्रयोग कुणी करू धजणार नाही. त्यामुळे आजही ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की संशय दाट असेल आणि गाडीला उशीर होणार नसेल, तर पहिला डोस घरीच द्या.