फिशपाँडला उत्तर द्यायचं असतं तर

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मला एकदा फिशपाँड पडला. सूत्रसंचालकाने चिठ्ठी उघडली, माझं नाव घेतलं आणि माझ्या चालण्यावर कुणीतरी जुळवलेल्या दोन ओळी वाचल्या. सभागृह खदखदून हसलं आणि पुढची चिठ्ठी निघाली. मी कसंनुसं हसत खुर्चीत बसून राहिलो. चिठ्ठी कोणाची हे कळायची सोय नव्हती, मग उत्तर देणार कोणाला? घरी जाताना सायकलवर मला तीन झकास उत्तरं सुचली. ती अजून माझ्याकडे पडून आहेत.

पुढे अमेरिकेतल्या रोस्टचे कार्यक्रम पाहायला लागलो तेव्हा पहिल्यांदा नजरेत भरलं ते हेच. तिथे ज्याची सालटी काढतात, त्याला शेवटी माइक देतात.

न्यूयॉर्कमधला फ्रायर्स क्लब १९०४ सालचा. नट, गायक आणि विनोदवीर यांचा हा अड्डा. आपल्यातल्याच एखाद्या नामवंताला मध्ये बसवून मित्रांनी त्याची यथेच्छ टिंगल करायची, ही प्रथा त्यांनीच रुजवली. ज्याच्यावर जीव आहे त्यालाच आम्ही भाजतो, असं त्यांचं म्हणणं. सत्तरच्या दशकात डीन मार्टिनने हा प्रकार टीव्हीवर लोकप्रिय केला आणि २००३ पासून कॉमेडी सेंट्रल वाहिनीने त्याला बरंच तिखट रूप दिलं. मांडणी मात्र फारशी बदलली नाही. सत्कारमूर्ती सर्वांसमोर बसते, रोस्टमास्टर एकेकाला बोलावतो, प्रत्येकजण येऊन तिचे आणि जाता जाता एकमेकांचेही वाभाडे काढतो. दीड-दोन तास हे चालतं. मग सत्कारमूर्ती उठते आणि उत्तर देते.

हे उत्तर म्हणजे निव्वळ परतफेड, असं वाटतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या: ती बोलून झाली की कार्यक्रम संपला. तिच्या वाराला उत्तर द्यायची संधी कुणालाच नाही. मघापर्यंत एकटी पडलेली ही व्यक्ती माइक हातात येताच त्या सभागृहातली सगळ्यांत बलवान व्यक्ती होते. म्हणून मिळालं त्याच मापात परत केलं, तरी ऐकणाऱ्याला ते जास्त लागतं. जाणकार सत्कारमूर्ती माप थोडं कमीच भरते: दहा मिनिटं सोसलेल्याला एका वाक्यात निपटते आणि पुढच्याकडे वळते.

टीव्हीवरच्या रोस्टमध्ये ही वाक्यं आधीच लिहिलेली असतात. मंचावर कोण असणार हे ठाऊक असतं, त्यामुळे लेखकांची तुकडी प्रत्येकाच्या नावाने दोन-चार टोले तयार ठेवते. त्यात काही गैर नाही. पण सुरुवातीचं एखादं वाक्य तरी त्या संध्याकाळी घडलेल्या गोष्टीवर हवं. नाहीतर इतका वेळ हा माणूस ऐकत नव्हता, आपला कागद मनात घोकत होता, हे श्रोत्यांना लगेच कळतं. दोन तास हसून दमलेले श्रोते अशा माणसाला सवलत देत नाहीत.

खरी कसोटी लागते ती वर्मी बसलेल्या विनोदाशी. मे २०२४ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू टॉम ब्रेडीचा रोस्ट नेटफ्लिक्सवर थेट दाखवला गेला. स्वतःच्या घटस्फोटावरचे विनोद ब्रेडीने रात्रभर हसत झेलले. मात्र जेफ रॉसने संघमालक रॉबर्ट क्राफ्टवर एक विनोद करताच तो खुर्चीतून उठला, रॉसजवळ गेला आणि पुन्हा असलं बोलू नकोस म्हणून कानात कुजबुजला. माइकने ते टिपलं. ज्या विनोदाला श्रोते मिनिटभरात विसरले असते, तो दुसऱ्या दिवशी जगभर चर्चेचा विषय झाला. कुठे लागलं ते आपणच बोट ठेवून दाखवायचं नसतं. वर्मी बसलेल्या घावाबाबत दोनच गोष्टी करता येतात. एक तर तो अजिबात लागला नाही असं समजून पुढे जायचं, नाहीतर समोरच्याने म्हटलं त्याहून वाईट आपणच आपल्याबद्दल म्हणायचं. ‘तसं नाही हो, खरं म्हणजे काय झालं...’ अशी सुरुवात केली, की माणूस बुडालाच.

ब्रेडीने नंतर एका मुलाखतीत सांगितलं, की आपल्या मुलांवर त्या विनोदांचा जो परिणाम झाला तो त्याला आवडला नाही. शेवटच्या भाषणाची मर्यादा इथे दिसते. मंचावरच्याला माइक मिळतो. त्याच्या घरी बसलेल्यांची अवस्था मात्र फिशपाँड पडलेल्या मुलासारखीच असते.

टोले देऊन झाले की भाषणाला वळण लागतं आणि मनापासूनचं काहीतरी बोलावं लागतं. बहुतेक जण घसरतात ते इथेच. जस्टिन बीबरचा रोस्ट २०१५ मध्ये झाला, तेव्हा त्याने नुकतीच एकविशी गाठली होती आणि मागची दोन-तीन वर्षं तो बातम्यांत होता तो मुख्यतः उपद्व्यापांसाठी. शेवटी आधी त्याने प्रत्येकाचा समाचार घेतला. मग आवाज खाली आणून, लहान वयात मिळालेली प्रसिद्धी आपल्याला पेलली नाही आणि अभिमान वाटू नये अशा गोष्टी हातून घडल्या, हे कबूल केलं. पुष्कळांना ते हृद्य वाटलं. मला विचाराल तर तेवढा भाग पत्रकासारखा वाटला. कबुलीत सच्चेपणा असेलही, पण ती मंचावर बसलेल्या माणसांना उद्देशून नव्हती, बाहेरच्या जगाला होती. दोन तास ज्यांनी आपल्यासाठी घसा कोरडा केला त्यांच्याकडे पाठ करून आभार मानता येत नाहीत.

आणि कधी कधी सगळा कागदच खिशात ठेवावा लागतो. नोव्हेंबर १९५८ मध्ये बेव्हर्ली हिल्सच्या फ्रायर्स क्लबने ल्यूसिल बॉल आणि तिचा नवरा देसी आर्नाझ यांचा रोस्ट ठेवला होता. हॅरी आइन्स्टाइन हा विनोदवीर धमाल भाषण करून जागेवर बसला आणि शेजारच्या मिल्टन बर्लच्या अंगावर कोसळला. हृदयविकाराचा झटका होता. श्रोत्यांत डॉक्टर होते, ते धावले. त्याला पडद्यामागे नेलं, आणि गोंधळलेल्या संयोजकांनी कार्यक्रम तसाच रेटायचा प्रयत्न केला. अखेर आर्नाझ माइकपाशी आला. या संध्याकाळची आम्ही आयुष्यभर वाट पाहिली, पण आता तिला काही अर्थ उरला नाही, असं सांगून त्याने आत झुंजणाऱ्या माणसासाठी प्रार्थना करायला सुचवलं आणि समारंभ तिथेच थांबवला. आइन्स्टाइन वाचला नाही. रोस्टच्या इतिहासातलं एकही टोला नसलेलं हे उत्तर मला सगळ्यांत नेमकं वाटतं, कारण त्या वेळी सभागृहात काय घडत होतं त्यालाच ते उत्तर होतं.

आपल्याकडे रोस्ट हा शब्द घराघरांत पोचला तो डिसेंबर २०१४ मध्ये वरळीत झालेल्या रणवीर सिंग आणि अर्जुन कपूर यांच्या कार्यक्रमामुळे, आणि पाठोपाठ उठलेल्या वादामुळे. पण शिव्यांचा सोस वगळला, तर हा प्रकार हल्ली निवृत्तीच्या समारंभांतही शिरलाय. गेल्या वर्षी माझ्या एका मित्राला त्याच्या बँकेतल्या सहकाऱ्यांनी असाच निरोप दिला. त्याला चार दिवस आधी कुणकुण लागली आणि उत्तराचं भाषण लिहायला तो माझ्याकडे आला.

काय काय बोललं जाईल, याचा अंदाज होता. चहाचे पैसे देताना याचं पाकीट नेहमी घरी राहिलेलं असतं. कोणी काहीही विचारलं, रजा असो की कर्ज, की याचं एकच उत्तर, ‘बघू’. या दोन गोष्टी येणारच होत्या. भीती होती ती हेड कॅशियरची. हा गृहस्थ जिभेचा तिखट, आणि मित्राचं प्रमोशन तीनदा हुकलेलं. त्यासाठी मित्राने एक वाक्य तयार ठेवलं होतं, कॅशियरच्या काउंटरला एकदा कॅश शॉर्ट आली होती त्यावरचं. मी ते खोडलं. तो चिडला. मी म्हटलं, ‘अरे, त्याची गंमत तुझ्या नशिबावर आहे. तुझी त्याच्या सचोटीवर जातेय. तू आहेस रिटायर, त्याला तिथेच अजून चार वर्षं काढायचीत.’

समारंभात कॅशियर बोललेच. ‘साहेब सांगतात, मी तीन वेळा प्रमोशन नाकारलं. बँकेचं म्हणणं थोडं वेगळं आहे.’ सगळे हसले आणि मग सगळ्यांनी चोरून मित्राच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वहिनी पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी पर्सची चेन उघडली आणि बंद केली.

मित्र उत्तराला उठला. आधी खिसा चाचपला आणि म्हणाला, ‘भाषणाचा कागद पाकिटात होता. पाकीट घरी राहिलं.’ हे त्याला तिथेच सुचलं होतं, आणि पहिल्याच हशाने सभागृह त्याच्या बाजूला आलं. मग एकेकाला एकेक वाक्य. कॅशियरपाशी येऊन तो थांबला. ‘प्रमोशनबद्दल बँकेचं म्हणणं बरोबर आहे. मी नाकारलं नाही, मला मिळालं नाही. पण तिन्ही वेळा मी आदल्या दिवशी पेढे आणून ठेवले होते, आणि तिन्ही वेळा ते या माणसाने संपवले. आज इतका कडू कसा बोलला, नवल आहे.’

कॅशियर स्वतःच टाळ्या पिटत होते. हशा ओसरायच्या आत मित्र पुढे म्हणाला, ‘माझी बायको आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होती. तेव्हा रोज संध्याकाळी माझ्या टेबलावरची पेंडिंग व्हाउचर्स कोणीतरी तपासून लावून ठेवत होतं. मला कोणी सांगितलं नाही. महिन्याने इन्स्पेक्शनला कागद काढले, तेव्हा पेन्सिलच्या टिकांवरून अक्षर ओळखलं.’ एवढंच. नाव घेतलं नाही, ‘ऋणी’ वगैरे शब्द नाही. कॅशियरांनी चष्मा काढून रुमालाने पुसायला घेतला. तो पुसायची गरज होती असं मला वाटलं नाही.

आम्ही लिहिलेल्या मसुद्यात यानंतर बँकेच्या परंपरेवर एक परिच्छेद होता, वरिष्ठांचे आभार होते. मित्राने ते सगळं गाळलं. व्हाउचर्सच्या गोष्टीनंतर ते उभं राहिलंच नसतं, हे त्याला माइकपुढे कळलं, मला टेबलाशी कळलं नव्हतं. त्याने नमस्कार केला आणि तो खुर्चीकडे वळला. सभागृह जरा जास्तच शांत झालं होतं.

तेवढ्यात मागून एक नवा क्लार्क ओरडला, ‘साहेब, आता तरी चहा पाजणार ना?’

मित्र अर्ध्यातून माइककडे परतला आणि म्हणाला, ‘बघू.’