पावती चुकली, तिकीट कुठे नोंदवायचं?

समजा, पुण्यात सहा जणांची एक स्टार्टअप कंपनी आहे. गृहनिर्माण सोसायट्यांची बिलं आणि पावत्या काढणारं अ‍ॅप ती बनवते. चौघं कोड लिहितात, एक जण डिझाइन बघतो आणि एक जण ग्राहकांचे फोन घेते. एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येतो: १ एप्रिलला पहाटे ऑनलाइन भरलेल्या पैशांची पावती ३१ मार्चची निघाली, रक्कम मागच्या आर्थिक वर्षात गेली. कारण साधं आहे. सर्व्हरचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालतं आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. त्यामुळे पहाटे साडेपाचच्या आत जमा झालेले पैसे आदल्या दिवशीचे धरले जातात. दुरुस्ती काही ओळींची आहे. पण ती कुणी करायची, झाली का आणि सेक्रेटरींना कुणी कळवायचं, हे नोंदवायला ट्रॅकर लागतो. कुठला ट्रॅकर घ्यावा, हे या एका तक्रारीचा प्रवास पाहिला की बरंचसं उलगडतं.

पहिला पर्याय साध्या बोर्डाचा. २०११ मध्ये आलेला ट्रेलो त्यातला सर्वांत ओळखीचा. ‘करायचं’, ‘चालू’, ‘झालं’ असे तीन रकाने करायचे आणि कार्ड एकातून दुसऱ्यात सरकवायचं. फोन घेणारीला हे शिकवावं लागत नाही, आणि हा मोठाच गुण आहे. अडचण ‘झालं’ या रकान्यात येते. कोड लिहिणारा काम संपलं की कार्ड तिथे टाकतो. फोन घेणारी ते पाहून सेक्रेटरींना ‘दुरुस्त झालं’ म्हणून कळवते. नवी आवृत्ती मात्र अजून बाहेर पडलेलीच नसते. ‘हे खरंच झालंय ना?’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा विचारलं जाऊ लागलं, तर बोर्ड खरं सांगेनासा झाला आहे असं समजावं. ‘झालं’चे ‘कोड तयार’, ‘तपासलं’ आणि ‘ग्राहकांकडे पोचलं’ असे तीन रकाने केले की बराच घोळ मिटतो. तरी कार्ड हातानेच सरकवावं लागतं आणि घाईच्या आठवड्यात नेमकं तेच राहून जातं.

कोड जिथे ठेवला आहे तिथलीच इश्यूंची यादी वापरली, तर ही सरकवासरकव वाचते. गिटहबवर आपली तक्रार ४२ क्रमांकाचा इश्यू झाली असं धरू. दुरुस्तीचा पुल रिक्वेस्ट पाठवताना त्याच्या वर्णनात एवढंच लिहायचं:

```
Fixes #42
```

तो मुख्य शाखेत मर्ज झाला की इश्यू आपोआप बंद होतो. दोन वर्षांनी कुणी नवा प्रोग्रॅमर ती विचित्र दिसणारी ओळ काढून टाकायला निघाला, तर तिच्या इतिहासावरून तो पुल रिक्वेस्टपर्यंत आणि तिथून सेक्रेटरींच्या तक्रारीपर्यंत पोचतो. चार प्रोग्रॅमरांच्या कंपनीला याहून मोलाचं दुसरं काही मला दिसत नाही.

याच्या मर्यादा मात्र आधीच ठाऊक हव्यात. बंद इश्यू म्हणजे कोड मर्ज झाला, ग्राहकाकडे पोचला असं नव्हे. आणि टीम आधी वेगळ्या शाखेत मर्ज करत असेल, तर त्या मर्जने इश्यू बंद होत नाही. दुसरी अडचण फोन घेणारीची. खासगी रिपॉझिटरीतले इश्यू पाहायचे, तर तिथला कोडही पाहण्याची परवानगी द्यावी लागते. त्यावर सोपा उपाय म्हणजे तक्रारींसाठी कोड नसलेली वेगळी रिपॉझिटरी काढणं. मग पुल रिक्वेस्टमध्ये पूर्ण पत्ता लिहायचा:

```
Fixes our-company/complaints#42
```

तिसरा पर्याय जिरासारख्या मोठ्या अ‍ॅजाइल व्यवस्थेचा. स्प्रिंट, पॉइंट, प्रत्येक प्रकारच्या तिकिटाचे टप्पे, तपासणाऱ्याने होकार दिल्याशिवाय पुढे न जाऊ देणारे नियम, सगळं तिथे मिळतं. दहा जणांपर्यंत ते फुकटही वापरता येतं, त्यामुळे लहान कंपन्यांना मोह होतो. किंमत मोजावी लागते ती वेळात. हे नियम कुणीतरी बसून ठरवायचे आणि जपायचे असतात. सक्तीच्या रकान्यांत टीम नुसती ‘NA’ भरू लागली किंवा पॉइंट दिले जातात पण त्यांवरून कुठलाच निर्णय होत नाही, असं दिसलं, तर ती व्यवस्था अजून अंगाला मोठी होते आहे. दोन टीम एकमेकींच्या कामासाठी अडू लागल्या किंवा एखादी बँक ग्राहक झाली आणि प्रत्येक बदल कुणी मंजूर केला याची नोंद मागू लागली, की हेच नियम उपयोगी पडतात.

म्हणून या सहा जणांना मी इश्यूंची यादीच सुचवेन. तिच्यात ‘ग्राहकाला कळवायचं’ असं एक लेबल असावं. नवी आवृत्ती बाहेर पडली की फोन घेणारीने त्या लेबलचे बंद इश्यू उघडायचे, सेक्रेटरींना फोन करायचा आणि मगच लेबल काढायचं. पुढे जिरात जायची वेळ आलीच, तर फक्त उघडे आणि अजून खरोखर करायचे असलेले इश्यू न्यावेत. जुनी यादी पुसू नये, कारण कोडच्या इतिहासातला #42 तिच्याकडेच बोट दाखवत राहतो.