पोळ्याचा बैल फोनवर कसा दाखवायचा

आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींची लेकरं, नातवंडं आता परदेशात आहेत. सण आला की व्हिडिओ कॉल होतो, आजी आरती दाखवते, ताट दाखवते, आणि दोन मिनिटांत पोरं फोन सोडून खेळायला जातात. आज आम्ही एकाच सणातली एकच रीत घेतो आहोत. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदेमळणी. आणि हातात एकच वस्तू, कुंभाराकडचा मातीचा बैल.

आमच्या गटातल्या एका मावशींची लेक मेलबर्नला असते. नातू नऊ वर्षांचा, नात सहा वर्षांची. मराठी समजते, पण बोलतात इंग्रजीच. पहिल्या वर्षी मावशींनी फोन थेट वेशीपाशी नेला. ढोल वाजत होता, गर्दी हलत होती, रेंज तुटत होती. पोरांना दिसली फक्त शिंगं आणि माणसांच्या पाठी. तेवढ्यात नातवानं विचारलं, "आजी, बैलाच्या नाकात दोरी का? त्याला दुखत नाही?" मावशींना वाटलं पोरगा आपल्या सणाला नावं ठेवतोय. त्या रागावल्या. फोन बंद झाला आणि पुढं आठ दिवस लेकीशीही नीट बोलणं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मावशी गटाच्या बैठकीत म्हणाल्या, यंदा काय करू? तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून हे बसवलं.

आधी वेळेचं. खांदेमळणी होते दिवेलागणीला. आपल्याकडे संध्याकाळचे सहा म्हणजे तिकडे रात्रीचे साडेदहा, पोरं झोपलेली. म्हणून कॉल दुपारी बाराला ठरवला. तिकडे साडेचार वाजलेले असतात, शाळा सुटलेली असते. पण दुपारी खरी खांदेमळणी दाखवता येत नाही, म्हणून तर मातीचा बैल लागतो. बाजारात जोडी मिळते, तरी एकच हातात घ्या. दोन बैल हलायला लागले की लेकराचं लक्ष फुटतं. घेताना वशिंड ठळक असलेला बघून घ्या, कारण सगळी गोष्ट त्या वशिंडापुढच्या जागेची आहे. आणि खिडकीकडे पाठ करून बसू नका, तोंड करून बसा. नाहीतर बैल काळा दिसतो.

आता शब्द. जू, वशिंड, वेसण, झूल, बाशिंग हे सगळे शब्द एका दिवशी नकोत. मावशींनी एकच नवा शब्द ठेवला, 'जू'. त्या म्हणाल्या, "हा राजा. राजा शेतात काम करतो. त्याच्या मानेवर एक लाकूड ठेवतात. त्याला जू म्हणतात. सगळं ओझं इथं येतं." आणि बैलाच्या मानेवर, वशिंडाच्या पुढं, बोट ठेवलं. "तुझं दप्तर जड असतं तेव्हा तुझं कुठं दुखतं?" नातीनं लगेच आपला खांदा दाखवला. तिथंच निम्मं काम झालं. मग मावशींनी वाटीत तूप-हळद घेतली आणि त्याच जागी बोटानं चोळली. "आज संध्याकाळी आम्ही राजाची मान अशी चोळणार. आधी गरम पाण्यानं शेकायची, मग तूप लावायचं. उद्या तो काम करणार नाही. उद्या त्याला पुरणपोळी."

एवढंच. गणपतीची, शंकराची गोष्ट त्यात घातली नाही. बैल देव आहे का, असं पोरं विचारतातच. मावशींचं उत्तर आम्हाला पटलं. त्या म्हणाल्या, "तो आपलं काम करतो, म्हणून आपण त्याच्या पाया पडतो."

मग नातवाचा तोच प्रश्न पुन्हा आला. या वेळी मावशी तयार होत्या. आमच्यातल्या काही जणी म्हणत होत्या, सांगा दुखत नाही म्हणून. आम्ही नको म्हटलं. वेसण घालायला नाक टोचतात तेव्हा दुखतं, आणि पुढंही कुणी हिसका दिला तर दुखतं. नऊ वर्षांच्या पोराला हे कळतं. मावशींनी तेच सांगितलं, आणि पुढं म्हणाल्या, "पोळ्याला जुनी दोरी काढून नवी, मऊ घालतात. जुनी दोरी कडक होते, ती जास्त काचते."

नातवानं विचारलं, "मग फक्त एकच दिवस मान चोळायची?" इथं मावशींनी आम्हालाही माहीत नसलेली गोष्ट सांगितली. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी एका बैलाची मान खांदेमळणी करताना हाताला गरम लागली. चोळताच बैलानं अंग काढून घेतलं, आणि आत गाठीसारखं लागलं. जू एका बाजूला घासत होतं, म्हणून आत सूज धरली होती. वरून केसांमुळे दिसत नव्हती. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं, आणि सूज जाईपर्यंत त्याला जुंपलं नाही. जू सुतारानं तासून गुळगुळीत केलं. तेव्हापासून त्यांच्या घरी औत सोडलं की रोज मानेवरून हात फिरवतात. नातू गप्प ऐकत होता.

हा दिवस श्रावण अमावस्येलाच का, हेही सोपं सांगता येतं. पेरण्या होऊन गेलेल्या असतात. पीक वर आलं की ओळींमधून कोळपं चालत नाही, म्हणून बैलाला थोडी उसंत मिळते. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या आपल्या भगिनी हाच सण बेंदूर म्हणून आषाढात करतात. पोरांच्या ओळखीचं कुणी तिकडचं असेल तर तारीख वेगळी निघेल, तेवढं सांगून ठेवा.

आणि ट्रॅक्टरचं लपवू नका. आमच्या बारा जणींच्या गटात बैलजोडी तिघींच्याच दावणीला आहे. नांगरट ट्रॅक्टरनं होते, कोळपणीला बैल लागतात. ज्यांच्याकडे बैल नाही त्या मातीच्याच बैलाची पूजा करतात.

मातीचा बैल पोस्टानं पाठवायच्या फंदात मात्र पडू नका. कच्ची माती वाटेत फुटते, आणि ऑस्ट्रेलियासारख्या देशात बाहेरून आलेली माती तपासणीत अडवतात. पोरांना तिकडेच करायला लावा. दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी घालून घट्ट गोळा मळायचा. पाय आखूड आणि जाड ठेवायचे. नातवानं पहिला बैल केला त्याचे पाय बारीक, तो तासाभरात बसला. दुसरा उभा राहिला. दोन दिवस वाळू द्यायचा आणि मगच तूप-हळद लावायची. मिठाचा असतो म्हणून खायचा नाही, हे धाकट्यांना बजावून सांगा.

गेल्या वर्षी नातीनं त्या कणकेच्या बैलाला इतकी हळद चोळली की टेबलावरचं पांढरं कापड पिवळं झालं. लेक वैतागून म्हणाली, आई, हे डाग निघत नाहीत. मावशी म्हणाल्या, धू आणि उन्हात टाक, हळद उन्हानं उडते. लेक म्हणाली, इथं थंडीचे दिवस आहेत, ऊन कुठून आणू? तेवढ्यात मागून नातवानं विचारलं, "आजी, राजाची मान बघितलीस का आज?"