पुढचा झिजलाय की मागचा? टायरचे फोटो बघताना इथेच फसगत होते

पाटण तालुका : पावसाळा तोंडावर आला की गावागावांत गाडीच्या कामांची लगबग सुरू होते. ऑइल बदलतात, ब्रेक आवळतात, चेनला ग्रीस लागतं. टायरचा विषय मात्र बहुतेक वेळा मोबाईलवरच निकाली निघतो. दोन्ही टायरचे फोटो काढायचे, घरच्या ग्रुपवर टाकायचे आणि विचारायचं, "कुठला बदलू?" पैसे एकाच टायरपुरते असतात, त्यामुळे उत्तर चुकलं तर धोक्याचा टायर तसाच गाडीला राहतो.

एक उदाहरण घेऊ. रोज पहाटे दोन्ही बाजूंना कॅन लावून डेअरीला दूध घालणाऱ्या एका शेतकऱ्याची १०० सीसीची मोटारसायकल आहे. त्याने दोन फोटो टाकले. पुढच्या टायरवर लांब, सरळ रेघांसारख्या खाचा आहेत आणि त्या उथळ दिसतात. मागच्या टायरवर ठोकळ्यांची नक्षी आहे, कडेच्या खाचा खोल असून त्यांत काळीभोर सावली पडली आहे. मेहुण्यानं लगेच सांगितलं, "दाजी, पुढचा गेलाय. मागचा अजून वर्षभर चालेल." फोटो पाहून कुणीही हेच म्हणेल, आणि ते चूक आहे.

पहिली गोष्ट, पुढच्या आणि मागच्या टायरची नक्षी मुळातच वेगळी असते. अशा गाड्यांना पुढे रेघांचा टायर देतात, म्हणजे हँडल सरळ राहतं. मागे ठोकळ्यांचा देतात, कारण इंजिनाची ओढ आणि मालाचा बहुतेक भार त्यालाच सोसायचा असतो. पुढच्या टायरच्या खाचा नव्या असतानाही मागच्यापेक्षा उथळ असतात. म्हणून हा उथळ आणि तो खोल अशी तुलना करून काहीच कळत नाही. प्रत्येक टायर त्याच्या स्वतःच्या खुणेशी ताडून पाहावा लागतो.

ही खूण टायरवरच असते. टायरच्या बाजूला, नक्षी जिथे संपते तिथे टीडब्ल्यूआय अशी इंग्रजी अक्षरे किंवा छोटा त्रिकोण छापलेला असतो. तिथून बोट सरळ वर नक्षीकडे न्या. खाचेच्या तळाशी रबराचा एक आडवा उंचवटा लागेल. तोच झिजेचा दर्शक. टायर नवा असताना तो खाचेत खोल दडलेला असतो. नक्षी झिजत झिजत उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायरचं आयुष्य संपलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीसाठी नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर सांगितली आहे (मोटारीसाठी ती १.६ आहे), आणि दुचाकीच्या टायरवरचा उंचवटा साधारण तेवढ्याच उंचीचा असतो.

आता त्या शेतकऱ्याचे फोटो पुन्हा बघू. मागच्या टायरचा फोटो कडेने काढलेला होता, त्यामुळे डोळ्यांत भरल्या त्या कडेच्या खाचा. पण मागचा टायर कडेला फारसा झिजतच नाही. सरळ रस्त्यावर रोज तेच ते मधलं पट्टं जमिनीला घासतं, त्यात दुधाचं ओझं. परिणामी टायरची गोलाई जाते आणि मधला भाग पाटासारखा सपाट होतो. गॅरेजवाल्याने त्याला मागचा फोटो पुन्हा काढायला लावला. या वेळी गाडी मेन स्टँडवर घेऊन, मोबाईल चाकाच्या थेट मागे टायरच्या उंचीवर धरून. तेव्हा गोलाई गेलेली स्पष्ट दिसली. खूण शोधून तिथला जवळचा फोटो घेतला, तर मधल्या खाचेत उंचवटा आणि ठोकळे एका पातळीत आले होते. पुढच्या टायरला मात्र उंचवट्याच्या वर अजून बऱ्यापैकी रबर शिल्लक होतं. जास्त झिजलेला टायर मागचाच निघाला.

फसवणुकीत उजेडाचाही वाटा असतो. सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन खाचेत लांब सावली पाडतं, मग झिजलेला टायरही खोल दिसतो. समोरून फ्लॅश मारला की सावली पुसली जाते आणि चांगला टायरही गुळगुळीत वाटतो. तुलना करायची तर दोन्ही फोटो एकाच सावलीत, एकाच अंतरावरून, साधारण वीतभरावरून, काढायला हवेत. खाचेतला चिखल आणि शेण काडीने उकरून टायर कोरडा करून घ्यावा. कारखान्याच्या हंगामात खाचांत बसलेली माती एवढी घट्ट असते की नवा टायरही फोटोत टक्कल पडल्यासारखा दिसतो. धुलाई केंद्रात लावलेलं काळं पॉलिश याच्या उलट करतं, जुन्या टायरला नव्याची झळाळी देतं. फोटोत मापाचा अंदाज यावा म्हणून मधल्या खाचेत आगपेटीची काडी उभी धरून फोटो घ्यावा. काडीचा किती भाग आत बुडाला ते दोन्ही चाकांवर बघता येतं.

झिजलेल्या मागच्या टायरचं नेमकं काय होतं? ओल्या रस्त्यावर टायर आणि डांबर यांच्यामधलं पाणी बाहेर काढण्याचं काम खाचा करतात. खाचाच उरल्या नाहीत तर पाण्याचा थर मधे राहतो आणि ब्रेक लावताच मागचं चाक बाजूला सरकतं. मधलं रबर पातळ झाल्याने खिळा-काटाही लवकर आत जातो. ट्यूबचा टायर असेल तर हवा झटकन उतरते. शिवाय सपाट झालेला टायर वळणावर गाडी कलवताना एकदम कडेवर चढतो. कुंभार्ली घाटासारख्या रस्त्यावर तो झटका जाणवतो, चालवणाऱ्याला वाटतं हँडलच दुखतंय.

मग पुढचा टायर सुरक्षित धरायचा का? नक्षीपुरता, हो. पण नक्षीचा फोटो एवढंच सांगतो. गॅरेजवाल्याने तिसरा फोटो मागितला, पुढच्या टायरच्या बाजूचा. तिथे चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २२१८ म्हणजे २०१८ च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. या टायरवर तेच आकडे होते आणि रिमजवळ केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. रबर वयाने कडक झालं की नक्षी शिल्लक असूनही ओल्यात पकड सुटते. आणि पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही, कारण जोराच्या ब्रेकमध्ये गाडीचा भार पुढे येतो. मागचं चाक घसरलं तर निदान थोडं सावरता येतं.

म्हणजे दोन प्रश्नांची दोन उत्तरं झाली. जास्त झिजलेला मागचा, तो लगेच बदलायचा. पुढचा म्हातारा झालाय, भेगा नखाने दाबून बघायच्या. भेग उघडून आतलं कापड दिसलं तर त्यालाही त्याच दिवशी निरोप. कापड दिसलं नाही, पण बोटाला फुगवटा लागला, तरी तोच निर्णय. हा फुगवटा फोटोत बहुतेक वेळा दिसत नाही, चाक हाताने फिरवूनच कळतो. कापड नाही, फुगवटा नाही, तर पाऊस धरायच्या आत बदलता येईल.

शेतकऱ्याच्या टायरमध्ये कापड दिसलं नाही. त्याने मागचा टायर त्याच आठवड्यात घेतला. काढलेला टायर पुढे बसवून घ्यावा असंही मेहुण्याने सुचवलं होतं, पण पुढच्या-मागच्या टायरचा आकारच वेगळा आणि त्यात तो झिजलेला, म्हणून गॅरेजवाल्याने तो गाडीवर चढवायला नकार दिला. पुढच्यासाठी दुधाच्या पुढच्या पगारावर बोली झाली आहे.