तीच चाल, तोच बांध, मग नाडी का पळते?

मी मूळचा अकोल्याचा. मे महिन्यात दुपारी पंचेचाळीस अंश, दारंखिडक्या बंद, कूलरची घरघर, यातच लहानाचा मोठा झालो. त्यामुळे नेदरलँड्समध्ये पारा तीसच्या वर गेला आणि सहकारी हाशहुश करायला लागले, की मला मनातल्या मनात हसू यायचं. ते हसू एका जुलैत वाल नदीच्या बांधावर जिरलं. त्या दिवशी ३१ अंश तापमान होतं आणि मी रोजच्याच रस्त्याने, रोजच्याच वेगाने चालत होतो. दम लागलेला नव्हता, घामही फारसा जाणवत नव्हता. घड्याळाकडे पाहिलं तर नाडी १३० च्या पुढे. एरवी त्याच जागी ती १०५ च्या आसपास असते.

हे का होतं, आणि त्यावरून पाणी कधी प्यावं हे ओळखता येतं का, याबद्दल आज लिहितो आहे. निमित्त अर्थात निमेखनची चार दिवसांची पदयात्रा, म्हणजे 'फिरदाख्से'. तुमच्यापैकी काही जण तिची तयारी करत असतील. ही पदयात्रा १९०९ पासून चालू आहे. चार दिवस रोज तीस, चाळीस किंवा पन्नास किलोमीटर चालायचं. २००६ साली १८ जुलैला, म्हणजे पहिल्याच दिवशी, प्रचंड उकाड्यात दोन चालणाऱ्यांचा मृत्यू झाला, अनेक जण आजारी पडले आणि उरलेले तीन दिवस रद्द करावे लागले. २०२२ साली तर उन्हाचा अंदाज पाहून पहिला दिवस आधीच रद्द केला होता. चालणं हा साधा व्यायाम खरा, पण उन्हात तो तितका साधा राहत नाही.

आधी हृदयाचा हिशेब पाहू. ताशी साडेपाच किलोमीटर वेगाने चालताना माझ्यासारख्या माणसाच्या हृदयाला मिनिटाला साधारण दहा लिटर रक्त ढकलावं लागतं असं धरा. एका ठोक्यात ९१ मिलिलिटर रक्त बाहेर पडत असेल, तर ११० ठोके पुरतात. आता प्रत्येक ठोक्यातलं रक्त ७८ मिलिलिटरवर आलं, तर तेच दहा लिटर पुरवायला १२८ ठोके लागतील. चाल तीच, स्नायूंची मागणी तीच, पण हृदयाच्या खेपा वाढल्या. बादली लहान झाली की विहिरीवर जास्त फेऱ्या माराव्या लागतात, तसंच.

बादली लहान होण्याची कारणं दोन. घामातलं पाणी शेवटी शरीरातूनच येतं, आणि त्यातला काही भाग रक्तातल्या पातळ द्रवाचा, म्हणजे प्लाझ्माचा असतो. घाम गाळत राहिलात आणि पाणी प्यायला नाहीत, तर हृदयाकडे परत येणारं रक्तच कमी होतं. दुसरं कारण उष्णतेचं. शरीर थंड ठेवायला बरंच रक्त त्वचेखालच्या फुगलेल्या शिरांमध्ये जातं आणि तिथे रेंगाळतं. शिवाय शरीर तापलं की हृदय थेटही वेगाने धडधडतं, आणि दोन ठोक्यांमध्ये भरायला त्याला वेळ कमी मिळतो. म्हणजे ठोक्यातलं रक्त घटलं म्हणून नाडी वाढते, की नाडी वाढली म्हणून ठोक्यातलं रक्त घटतं? दोन्ही होतं. व्यायामात हळूहळू वर सरकणाऱ्या या नाडीला 'कार्डिओव्हॅस्क्युलर ड्रिफ्ट' म्हणतात.

यातला पाण्याचा वाटा किती, हे टेक्सास विद्यापीठातल्या मॉन्टेन आणि कॉइल यांनी १९९२ साली छान दाखवलं. त्यांनी सायकलपटूंना उष्ण खोलीत दोन तास सायकल चालवायला लावली आणि वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या प्रमाणात पाणी दिलं. ज्या दिवशी शरीरातलं पाणी जितकं जास्त घटलं, त्या दिवशी नाडी तितकी जास्त वाढली आणि अंगातलं तापमानही तितकंच जास्त चढलं. अशा अभ्यासांमधून ढोबळ अंदाज असा निघतो, की पाण्यापोटी वजन एक टक्का घटलं की नाडी तीन-चार ठोक्यांनी, कधी पाचने वाढते.

ढोबळ अंदाज माझ्यावर लागू पडतो का, हे पाहायची खाज मला सुटली. (प्रयोगशाळेतल्या माणसाला घरी बसवत नाही, त्यातला प्रकार.) ऊन साधारण सारखं असलेले दोन दिवस निवडले. दोन्ही दिवशी दोन तास, अकरा किलोमीटर, छातीला पट्टा बांधून. निघताना आणि परतल्यावर घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन केलं. पहिल्या दिवशी पाणी प्यायलो नाही. बायको मात्र बाटली घेऊन सायकलवरून सोबत होती, आणि तिचं मत काय होतं ते इथे लिहीत नाही. हा प्रयोग तुम्ही करू नका.

पहिल्या दिवशी विसाव्या मिनिटाला नाडी ११२ वर स्थिरावली. तासाला १२० झाली, दोन तासांनी १३४. वजन ७२.४ वरून ७०.९ किलो, म्हणजे दीड लिटर घाम, सुमारे दोन टक्के घट. दुसऱ्या दिवशी दर वीस मिनिटांनी एक पेला असं करत १.२ लिटर पाणी प्यायलो. विसाव्या मिनिटाला पुन्हा ११२, तासाला ११८, दोन तासांनी १२७. वजन फक्त तीनशे ग्रॅम घटलं. ढगाळ, सोळा अंशांच्या दिवशी याच रस्त्यावर माझी नाडी शेवटी १०७ असते.

आता बघा गंमत. थंड दिवसापेक्षा २७ ठोके जास्त पडले, पण पाणी पिऊन त्यातले फक्त सातच वाचले. बाकीचे वीस उन्हाचे, आणि थोडे थकव्याचे. एका माणसाचे दोन दिवस म्हणजे काही शोधनिबंध नव्हे, पण आकडा ढोबळ अंदाजाशी जुळतो. आणि यातून एक गोष्ट समजते: नाडी हा पाण्याचा काटा नाही. ती ऊन आणि तहान यांची बेरीज दाखवते. नाडी वाढली म्हणून नुसतं पाणी ढोसत राहिलात, तर उन्हाचा वाटा तसाच राहणार.

मग इशारा म्हणून तिचा उपयोग कसा करायचा? मी असं करतो. निघाल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं सोडून देतो, कारण तेव्हा नाडी बसायची असते. मग जो आकडा येईल तो त्या दिवसाचा पाया. सपाट रस्त्यावर, त्याच वेगात, नाडी पायापेक्षा दहा ठोके वर गेली की थांबायचं, सावली शोधायची आणि पेलाभर पाणी प्यायचं. दहाचा हा आकडा कुठल्या नियमावलीतला नाही, माझ्या आकड्यांवरून मी काढलेला आहे. तिथवर माझं वजन साधारण एक टक्का घटलेलं असतं. त्याआधी तहान लागली तर अर्थातच तेव्हाच प्यायचं, नाडीची वाट पाहायची नाही. या कामाला हा देश फार सोयीचा, कारण चढ फार कमी. वारा मात्र फसवतो. बांधावर समोरून वारा आला की नाडी आपोआप चढते, तेव्हा तुलना एकाच दिशेच्या तुकड्यांत करा. तोच वारा घाम वाळवून टाकतो. मुंबईत शर्ट अंगाला चिकटला की कळतं, इथे दीड लिटर उडून जातो आणि शर्ट कोरडाच.

खरा निकाल थांबण्यानंतर लागतो. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा त्याच वेगाने निघा आणि दहा मिनिटांनी नाडी पाहा. पायाजवळ आली असेल तर ठीक. आली नसेल, तर आणखी पाणी हा त्यावरचा उपाय नव्हे. मान, हात, टोपी ओली करा आणि वेग कमी करा. वेग धरून नाडी वाढू देण्यापेक्षा नाडी धरून वेग उतरू द्यावा. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या द्यायला लागला किंवा उन्हातही त्याला हुडहुडी भरली, तर नाडी मोजत बसू नका. ११२ ला फोन करा आणि मदत येईपर्यंत त्याला मिळेल त्या थंड पाण्याने भिजवत राहा.

पाणी जास्त होण्याचाही धोका खरा आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्यपेक्षा खाली उतरलेलं होतं, आणि त्याचा सगळ्यात ठळक संबंध शर्यतीत वजन वाढण्याशी होता. म्हणजे ते गाळलेल्या घामापेक्षा जास्त प्यायले होते. म्हणून घरी परतल्यावर वजन निघतानापेक्षा जास्त भरता कामा नये. तासाला लिटरच्या वर जाऊ नका. दोन तासांच्या फेरीला साधं पाणी पुरतं, दिवसभराच्या चालीत मात्र खारे शेंगदाणे किंवा मीठ घातलेलं लिंबू सरबत जवळ असू द्या.

एक फसगत घड्याळाची. मनगटावरचं घड्याळ प्रकाशाने रक्ताचे हेलकावे मोजतं, आणि कधी कधी पावलांच्या हेलकाव्यांनाच नाडी समजतं. चालताना मिनिटाला पावलं साधारण ११० ते १२० पडतात, आणि नाडीही नेमकी तिथेच असते! शंका आली तर मिनिटभर छोटी, भरभर पावलं टाका. आकडा पावलांमागे पळाला तर घड्याळ पावलंच मोजतं आहे. मग थांबल्या थांबल्या मनगटावर बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा.

उन्हाळ्यात आपल्याकडे आई-बाबा येतात, त्यांच्यासाठी हा इशारा अनेकदा निकामी असतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर शरीर तापलं तरी नाडी एरवीइतकी वाढत नाही. वयाबरोबर तहानही मंदावते, आणि लघवी वाढवणारी गोळी असेल तर पाणी आणखी लवकर घटतं. त्यांच्यासोबत घड्याळ लावून प्यायचं: दर वीस मिनिटांनी थोडं. पाण्यावर बंधन असलेल्या हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी प्रमाण आधी डॉक्टरांना विचारून ठेवावं.

आणि माझ्या अकोलेपणाचं काय? उन्हाला सरावलेल्या शरीरात प्लाझ्मा वाढलेला असतो, घाम लवकर सुटतो, त्याच चालीला नाडी कमी लागते. पण हा सराव उन्हाशिवाय काही आठवड्यांत उतरतो. मी इथे येऊन नऊ वर्षं झाली. यंदा ३१ अंशाला मीही हाशहुश करतो, आणि नदीकाठच्या नळाजवळ बाटली भरायला थांबतो.