रात्रीच्या लॉगमधले मोबाइल नंबर

समजा, एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर रोज रात्री दोन वाजता एक प्रोग्राम आपोआप चालतो. शाखांकडून आलेल्या फायलींमधले नवे सभासद तो मुख्य यादीत घालतो आणि काय काय केलं ते लॉगमध्ये लिहून ठेवतो. त्या वेळी समोर कोणीच नसतं, म्हणून काही बिघडलं तर सकाळी कळावं यासाठी प्रोग्रामर सढळ हाताने नोंदी करतो. लोकांची खासगी माहिती इथूनही बाहेर पडू शकते.

सगळं सुरळीत असेल तर लॉगमध्ये ‘२१४ सभासद जोडले’ एवढीच ओळ येते. पण एखादा मोबाइल नंबर आधीच यादीत असला की पोस्टग्रेस हा डेटाबेस नवी नोंद नाकारतो आणि त्याचं कारण सांगतो:

```
DETAIL:  Key (mobile)=(98XXXXXX21) already exists.
```

आकडे इथे मी झाकले आहेत. मूळ ओळीत दहाही असतात. प्रोग्रामरने नंबर कुठेही छापलेला नसतो, तरी तो लॉगमध्ये येतो. प्रोग्राम क्रॉनमधून चालत असेल तर छापलेलं सगळं ईमेलनेही जातं, आणि ती ईमेल वर्षानुवर्षं कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहते.

`log_error_verbosity = terse` ही सेटिंग केली की डेटाबेसच्या स्वतःच्या लॉगमधून हा तपशील गळतो. प्रोग्रामकडे मात्र तो तरीही पोचतो. म्हणून प्रोग्रामने चुकीचा अख्खा मजकूर न लिहिता `23505` हा तिचा कोड, फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक एवढंच लिहावं. सकाळी तपास करायला तेवढं पुरतं.

लिहिण्याआधी मजकुरातले दहा आकडी नंबर शोधून झाकणारी चाळणीही लावतात. ती हवीच, पण तिच्यावर विसंबू नये. मध्ये जागा सोडून लिहिलेला नंबर तिच्यातून निसटतो. `[0-9]` असा नमुना दिला असेल तर देवनागरी आकडे तिला दिसतच नाहीत, आणि मराठीत भरलेल्या अर्जांत ते हमखास असतात. शेऱ्यात लिहिलेलं नाव-गाव तर कोणत्याच नमुन्यात बसत नाही.

नंबरऐवजी त्याचा हॅश लिहिला की काम झालं, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ या आकड्यांनीच सुरू होतात, म्हणजे शक्यता फक्त ४०० कोटी. साधा हॅश असेल तर त्या सगळ्यांचे हॅश काढून मूळ नंबर शोधणं हे संगणकाचं तासाभराचंही काम नाही. हॅश करायचाच असेल तर गुप्त किल्ली वापरणारा एचमॅक घ्यावा आणि ती किल्ली लॉगपासून लांब ठेवावी.

हे सगळं नीट बसलं का, हे पाहायची माझ्या मते एकच खात्रीची रीत आहे. चाचणीच्या सर्व्हरवर एका खोट्या सभासदाचा नंबर मुद्दाम दोनदा घालावा, प्रोग्राम अडखळू द्यावा, आणि मग लॉग, ईमेल आणि अहवालाची एक्सेल फाइल या तिन्ही ठिकाणी तो नंबर शोधावा.