अंदाजपत्रकातला ‘औचित्य’चा रकाना कसा भरायचा



योजनेचं प्रकरण टाकताना सगळ्यात जास्त कात्री लागते ती ‘औचित्य’च्या रकान्याला. इथे भोपाळला कागद हिंदीत जातात, पण प्रश्न कुठेही एकच असतो: हा खर्च कशासाठी, आणि एवढाच का? आपले लोक तिथे ‘मासेमारीसाठी आवश्यक’ असं लिहून मोकळे होतात. त्यातून साहेबाला काहीच कळत नाही. म्हणून एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. दर आणि आकडे समजण्यापुरते धरलेत, तुम्ही आपले घाला.

समजा एका गटाच्या 12 नावा आहेत आणि मासळी बाजारापर्यंत ताजी न्यायची आहे. पहिला विचार येतो, नावेमागे एक बर्फपेटी, म्हणजे 12 पेट्या. हे पटणार नाही. पेट्यांची संख्या नावांवरून न काढता मासळीच्या वजनावरून काढायची असते. तोलाच्या वहीत रोजची सरासरी 100 किलो निघाली, आणि भरीच्या दिवसांत 130 किलो. आपल्याकडच्या उन्हात किलोला किलो बर्फ धरतात. मासळी किलोला साधारण एक लिटर जागा घेते, फोडलेला बर्फ दोन लिटर. म्हणजे किलोमागे तीन लिटर. 130 किलोला 390 लिटर झाले, तर 100 लिटरच्या 4 पेट्या पुरे. हीच चार वाक्यं औचित्यात लिहा आणि वहीच्या पानांची झेरॉक्स जोडा. नावा सकाळी एकाच घाटावर लागतात, म्हणून पेट्या घाटावर राहतील, हेही लिहा. नाहीतर ‘नावेत का नाही?’ हा प्रश्न येतोच.

आता गाडी. 130 किलो मासळी आणि तेवढाच बर्फ, म्हणजे 260 किलो ओझं. मोटरसायकलला ते झेपणार नाही, तीनचाकी लागेल. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फपेटीसह तीनचाकीचा युनिट खर्च 3 लाख धरलेला आहे. ‘बर्फपेटीसह’ हा शब्द नीट वाचा. पेट्या त्यातच आल्या. त्यांची वेगळी ओळ टाकली तर एकच वस्तू दोनदा मागितली असं दिसतं, आणि मग बाकीच्या ओळींवरही संशय येतो.

समजा गाडीचं कोटेशन 3 लाख आणि चार पेट्यांचे 40 हजार, एकूण 3 लाख 40 हजार. अनुदान मात्र 3 लाखांवरच मोजलं जाईल. सर्वसाधारण गटाला 40 टक्के, म्हणजे 1 लाख 20 हजार. महिला, अनुसूचित जाती आणि जमातींना 60 टक्के, म्हणजे 1 लाख 80 हजार. वरचे 40 हजार पूर्ण आपल्या खिशातून. म्हणून सर्वसाधारण गटाने स्वहिस्सा 2 लाख 20 हजार दाखवायचा आणि तो कुठून येणार, बचत की बँकेचं कर्ज, हे त्याच ओळीत लिहायचं. युनिट खर्च बदलू शकतो, अर्ज टाकायच्या दिवशीचा बघा.

बर्फ हा रोजचा खर्च. तो अनुदानात बसत नाही, पण लपवूही नका. गाडी मिळाल्यावर बर्फ कोण घेणार, हे साहेबाला कळायलाच हवं. इथे एक गंमत होते: लोक 365 दिवसांनी गुणतात. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते, ते 61 दिवस गेले, उरले 304. सणवार आणि वाऱ्याचे दिवस सोडून 280 धरा. रोज 100 किलो बर्फ, किलोला 4 रुपये, तर वर्षाचे 1 लाख 12 हजार. ते विक्रीतून किलोमागे 4 रुपये कापून भरणार, असं लिहा. 365 चा आकडा दिसला की तपासणारा ओळखतो, हे घरी बसून लिहिलंय.

जाळ्याच्या ओळीत ‘जाळी, 12 नग’ चालत नाही. जाळं किलोवर मिळतं, तर नावेमागे किती किलो, आसाचं माप काय, दोर, बोया आणि शिसं वेगळं की त्यातच, हे सांगा. आसाचं माप कुठल्या मासळीसाठी, तेही. तिन्ही कोटेशनांत वर्णन एकच हवं, नाहीतर तुलनाच होत नाही. जीएसटी धरलाय की नाही तेही बघा.

बड्या तालाबासाठी इंजिनाची ओळ टाकूच नका. 2023 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने भोज पाणथळ क्षेत्रात क्रूझ आणि मोटारबोटी बंद करायला सांगितलं. त्या पाण्यावर इंजिन मागितलं तर सगळं प्रकरणच परत यायचं.

आणि ‘इतर खर्च’ ही ओळ शक्यतो नकोच. भाडं असेल तर भाडं म्हणा, पेटी धुवायचा खर्च असेल तर तसं म्हणा.

ज्यांना या वर्षी अर्ज टाकायचाय त्यांनी तोलाची वही आणि मागच्या जाळ्यांची बिलं घेऊन कार्यालयात या, औचित्य बसून लिहू.